क्लॉक वाढवून टायमिंग का बसत नाही: टीमसमोरच्या भाषणाचा मसुदा, चुका काढा

महापे_लीड

मंडळी, सोमवारी टीमसमोर वीसेक मिनिटं बोलायचं आहे. समोर आरटीएलवाले, व्हेरिफिकेशनवाले आणि फर्मवेअरचे तिघे असतील. विषय एकच: टायमिंग नापास होतंय, तर क्लॉक वाढवून चिप जोरात का पळवत नाही? प्रश्न फर्मवेअरच्या बाजूने आला आहे आणि विचारणाऱ्याने तो मनापासून विचारला आहे, त्यामुळे टिंगल नको, उत्तर हवं. मसुदा खाली देतो. आकडे पिकोसेकंदांत आहेत आणि समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

"आपल्या गुणाकार-बेरीज ब्लॉकमधला एक पाथ ५०० मेगाहर्ट्झला १८० पिकोसेकंदांनी नापास आहे. सूचना अशी आली की क्लॉक ६०० करा. 'टायमिंग फेल' हे शब्द ऐकले की चिप रेंगाळतेय असं वाटतं, आणि रेंगाळणाऱ्याला हाकायचं असतं, म्हणून ही सूचना सुचते. पण क्लॉक लॉजिकला हाकत नाही. वेळ संपली, एवढीच घंटा ते देतं.

ठाणे स्टेशन डोळ्यांसमोर आणा. मुख्य मार्गाच्या लोकलमधून उतरलात, पूल चढून दहा नंबरला वाशीची गाडी धरायची आहे. चालायला सहा मिनिटं लागतात. नियम असा, की तुम्ही उतरता त्याच क्षणी एक गाडी सुटते आणि तिच्यानंतर जी सुटेल तीच धरायची. गाड्या सात मिनिटांनी सुटत असतील तर जमतं. वेळापत्रक बदलून पाच मिनिटांनी सोडल्या तर पूल काही आखूड होत नाही, तुमची गाडी सुटते. सुटलेली गाडी म्हणजे फ्लॉपने जुनाच किंवा अर्धवट आकडा पकडला.

आता आपला पाथ बघा.

```
launch clock     620
clk->q           140
logic           1890
arrival         2650
required        2000 + 600 - 80 - 50 = 2470
slack           -180
```

required च्या ओळीत पहिला आकडा २०००, तो क्लॉकचा पिरियड. ६०० म्हणजे कॅप्चर फ्लॉपपर्यंत क्लॉक पोचायला लागणारा वेळ. ८० जिटर वगैरेंसाठी राखलेले, ५० फ्लॉपचा सेटअप, म्हणजे क्लॉक येण्याआधी डेटा जेवढा वेळ स्थिर हवा तो. यात क्लॉकच्या वेगाने बदलतो तो फक्त २०००. क्लॉक ६०० मेगाहर्ट्झ केलं की तो १६६७ होतो, required २१३७ वर येतो आणि उणे १८० चे उणे ५१३ होतात. arrival मधला एकही आकडा हलत नाही. उलट दिशेने गेलात तर पिरियड २१८० केल्यावर पाथ जेमतेम पास होतो. म्हणजे आजच्या घडीला हा ब्लॉक साधारण ४५८ मेगाहर्ट्झचा आहे.

दुसरा प्रकार होल्डचा, म्हणजे क्लॉक आल्यावरही डेटा थोडा वेळ तसाच टिकायला हवा त्याचा. त्याच स्टेशनवर समजा पूलच नाही, गाडी समोरच्या फलाटावर आहे. तुम्ही उतरता आणि दोन पावलांत पोचता, पण तुमच्या आधीची गाडी अजून हललेलीच नाही. तुम्ही तिच्यात शिरता. गाड्या पाच मिनिटांनी असोत नाहीतर तासाने, हा घोळ होणारच, कारण तो त्या एकाच क्षणाचा आहे. आपल्याकडे असा एक पाथ आहे: क्लॉक पोचायला ६००, फ्लॉप ९०, तार ३०, म्हणजे डेटा ७२० ला हजर. पलीकडच्या फ्लॉपला क्लॉकच ७०० ला पोचतं, त्यावर होल्ड ४० आणि राखीव ३०, म्हणजे डेटा ७७० च्या आधी बदलायला नको. ५० ने नापास. या हिशोबात पिरियड कुठेच नाही. क्लॉक वाढवा, कमी करा, हा पाथ तसाच राहतो. सेटअप चुकलेली चिप कमी वेगाने तरी विकता येते. होल्ड चुकलेली कुठल्याच वेगाला धड चालत नाही, म्हणून टेपआउटच्या आधी होल्ड शून्यावर आणायचाच.

सेटअपचं काय करायचं? १८९० कुठे जातात ते बघा: गुणाकार १०२०, बेरीज ४१०, सॅच्युरेशन २६०, आणि अॅक्युम्युलेटरकडे जाणारी तार आणि मक्स २००. गुणाकार आणि बेरीज यांच्यामध्ये एक रजिस्टर टाकायचं. मग पहिल्या टप्प्याची arrival १७८०, दुसऱ्याची १६३०, दोन्ही आरामात बसतात. किंमत एवढीच की उत्तर एक क्लॉक उशिरा येतं, म्हणून valid सिग्नललाही तेवढंच मागे ढकलावं लागेल."

इथपर्यंत लिहिलंय. शेवटी फर्मवेअरवाल्यांसाठी काय सांगू?

---

कोपरखैरणेकर

भाषण छान आहे, पण एक कळलं नाही. माझ्या डेस्कटॉपचा प्रोसेसर मी बायोसमधून वाढवून चालवतो, गेम खेळताना काही होत नाही. मग तुमची चिप एवढी नाजूक कशी? चांगला कूलर लावला की झालं असतं ना?

---

घोडबंदरकर

@कोपरखैरणेकर, कंपनीने त्यात मार्जिन ठेवलेलं असतं, तेच तुम्ही खाताय.

लीडसाहेब, एसटीए, म्हणजे टायमिंग तपासणारं टूल, फार घाबरट असतं. सगळ्यात मंद सिलिकॉन, सगळ्यात कमी व्होल्टेज, सगळ्यात वाईट तापमान हे सगळं एकदम धरतं. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त चिप ५०० ला निघतील. १८० साठी आरटीएलला हात लावायची गरज नाही. व्होल्टेज ०.८० चं ०.८८ करा, विषय संपला. आणि रजिस्टर टाकायचंच असेल तर बेरीज आणि सॅच्युरेशनच्या मध्ये टाका, सॅच्युरेशनवाल्या ब्लॉकला इनपुट रजिस्टरची जागा बहुतेक तयारच असते.

---

तलावपाळी

घोडबंदरकर, तुमच्या पोस्टमध्ये तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही अर्ध्या-अर्ध्या बरोबर आहेत.

एसटीए वाईटात वाईट धरतं हे खरं. पण कारखान्यातून येणाऱ्या हजार चिपमधली कुठली मंद निघणार हे आपल्याला निवडता येत नाही. टेस्टरवर चाळून जलद चिप वेगळ्या काढता येतात, मोठे प्रोसेसरवाले तेच करतात. कोपरखैरणेकरांच्या मशीनमध्ये जी ढील आहे ती तिथून आणि त्यांच्या खोलीच्या तापमानातून आलेली. पण त्यासाठी एकाच चिपचे दोन-तीन भाव लावता आले पाहिजेत. ज्याच्या बोर्डावर एकच वेग लिहिलाय त्याला हळू चिप विकता येत नाही.

व्होल्टेज वाढवल्याने लॉजिक जलद होतं, हेही खरं. क्लॉकमुळे होत नाही ते व्होल्टेजमुळे होतं, आणि हा फरक लीडनी भाषणात घालावा असं मला वाटतं, कारण ओव्हरक्लॉकिंग करणारे दोन्ही गोष्टी एकदम करतात आणि श्रेय क्लॉकला देतात. पण बिल बघा. डायनॅमिक पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रीक्वेन्सीच्या पटीत जाते. ०.८० चं ०.८८ म्हणजे १.२१ पट. त्यावर कोणी ५०० चं ५५० केलं तर १.३३ पट. वेग दहा टक्के, उष्णता तेहेतीस टक्के. शिवाय वाढीव व्होल्टेजला वेगवान कॉर्नरही आणखी वेगवान होतो, म्हणजे होल्डचे सगळे हिशोब परत तपासायचे.

तिसरी गोष्ट रजिस्टरच्या जागेची, आणि ती धोक्याची आहे. बेरीज आणि सॅच्युरेशनच्या मध्ये रजिस्टर टाकलं तर टायमिंग बसेलही: १०२० आणि ४१० मिळून १४३०, तो टप्पा पास. रिपोर्ट हिरवा होईल आणि उत्तर चुकेल. अॅक्युम्युलेटरमध्ये वळसा आहे. आजची बेरीज कालच्या सॅच्युरेट झालेल्या बेरजेवर उभी असते. त्या वळशात रजिस्टर घुसवलं की बेरजेला एकाऐवजी दोन क्लॉकपूर्वीचा आकडा मिळतो. परिणाम असा की सम क्रमांकाच्या इनपुटांची एक बेरीज आणि विषम क्रमांकाची दुसरी, अशा दोन वेगळ्या बेरजा तयार होतात. एसटीएला याचं काही देणंघेणं नाही, ते फक्त वेळ मोजतं.

लीडनी रजिस्टर गुणाकाराच्या मागे टाकलं ते वळशाच्या बाहेर आहे, म्हणून चालतं. वळशातले उरलेले २००, ४१०, २६० एका क्लॉकमध्ये बसतात का एवढंच बघायचं, आणि ते बसतात. उद्या क्लॉक खरंच वाढवायचा झाला तर याच वळशापाशी अडेल. सरळ पाथचे हवे तेवढे तुकडे करता येतात, वळशाचे करता येत नाहीत.

---

घोडबंदरकर

वळशाचं मान्य, घाईत लिहिलं. पण दोन बेरजा तयार होणं नेहमीच चूक असतं असं नाही. स्टिरिओ ऑडिओत डावा-उजवा चॅनेल आलटून-पालटून येत असतील तर तेच हवं असतं.

---

तलावपाळी

बरोबर, तिथे तो दोष नसून मुद्दाम केलेली रचना असते. इथे चॅनेल एक आहे की दोन, ते लीडनी सांगावं.

---

ऐरोली_सेम७

सर, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. कॉलेज प्रोजेक्टमध्ये एफपीजीए आहे. व्हिवाडो WNS -0.312 दाखवतो, लाल रंगात, तरी बिटस्ट्रीम बनते आणि बोर्ड व्यवस्थित चालतो. मग तो आकडा खोटा का? गाइड म्हणतात दुर्लक्ष करा.

---

तलावपाळी

खोटा नाही. टूल तुमच्या बोर्डावरची चिप बघत नाही. त्या स्पीड ग्रेडची परवानगी असलेली सगळ्यात मंद चिप आणि वाईट तापमान धरून ते सांगतं. तुमच्या हातातली चिप नशिबाने बरी आहे आणि खोलीत पंखा आहे. शिवाय तो ३१२ पिकोसेकंदांनी नापास झालेला पाथ तुमच्या टेस्टमध्ये खरंच वापरला जातोय का, हेही बघा. पुष्कळदा सगळ्यात लांब कॅरी साखळी एखाद्याच आकड्याला पूर्ण हलते. काउंटर 0x7FFF वरून 0x8000 वर जातो तेव्हा सगळे बिट एकदम बदलतात. डेमो तिथपर्यंत गेलाच नसेल तर चूक दिसणार कशी?

करून बघायचं असेल तर एमएमसीएमची सेटिंग बदलून क्लॉक पाच-पाच टक्क्यांनी वाढवत जा आणि पहिली चूक कुठे येते ते टिपा. मग बोर्ड गरम करून तेच परत करा.

---

सानपाडा_व्हेरिफ

भाषणातली शेवटची ओळ माझ्या अंगावर येते, म्हणून लिहिते. "valid सिग्नललाही तेवढंच मागे ढकलावं लागेल" हे एका वाक्याचं काम नाही. त्या ब्लॉकचं उत्तर कोण-कोण वाचतं? कंट्रोलरमध्ये कुठेतरी "सुरू केल्यापासून चौथ्या क्लॉकला उत्तर घे" असं मोजून ठेवलेलं असेल तर तो काउंटर बदलावा लागेल. clear सिग्नल त्याच क्लॉकला आला तर नव्या रजिस्टरमध्ये अडकलेला जुना गुणाकार पुढच्या बेरजेत मिसळेल. ही चूक साध्या टेस्टमध्ये सापडत नाही, लागोपाठ दोन गणितं मध्ये एकही रिकामा क्लॉक न सोडता दिली तरच सापडते. सोमवारी आम्हाला एवढं तरी सांगा की रजिस्टर टाकल्यावर clear चा अर्थ काय राहणार.

आणि मल्टिसायकलची पळवाट कोणी काढायच्या आधी: ती चर्चा भाषणात असलेली बरी. टायमिंग बसेना की कोणीतरी हमखास म्हणतं, "या पाथला दोन क्लॉक देऊन टाका."

---

घोडबंदरकर

तेच म्हणणार होतो. कोएफिशिएंट रजिस्टर दर क्लॉकला थोडंच बदलतं? टायमिंगचे नियम लिहितो त्या एसडीसी फाइलमध्ये एक ओळ टाकली की लाल जातं.

---

तलावपाळी

लाल जातं, पण कशामुळे गेलं ते बघा. कोएफिशिएंट बदलल्यानंतर दोन क्लॉक थांबूनच बेरीज घेतली जाते, असं आरटीएलमध्ये खरंच असेल तर ओळ योग्य आहे. तसं नसेल तर आपण फक्त टूलला गप्प बसवलं. शिवाय इथे नापास होणारा पाथ डेटाच्या रजिस्टरपासूनही निघतो, आणि डेटा दर क्लॉकला बदलतो. त्याला दोन क्लॉक देता येणार नाहीत, त्यामुळे उणे १८० तिथे राहतीलच.

आणि ओळ एक नाही, दोन लागतात:

```
set_multicycle_path 2 -setup -from $COEF -to $ACC
set_multicycle_path 1 -hold  -from $COEF -to $ACC
```

दुसरी विसरलात तर होल्डची तपासणी शून्याच्या एजवरून सरकून एक क्लॉक पुढे जाते. टूल म्हणतं की डेटा २००० पिकोसेकंदांच्या आधी बदलायला नको, आणि इमानदारीने तेवढा उशीर घालायला बफरची माळ लावत बसतं. एरिया अचानक फुगला आणि एका पाथवर डिले सेलची रांग दिसली, तर पहिल्यांदा इथे बघावं.

यावरून लीडच्या मसुद्यात एक दुरुस्ती. "होल्डच्या हिशोबात पिरियड कुठेच नाही" हे दोन्ही फ्लॉप एकाच एजवर चालत असतील तेव्हाचं. एक फ्लॉप पडत्या एजवर आणि दुसरा चढत्या एजवर असेल तर होल्डला अर्ध्या पिरियडची मोकळीक मिळते, आणि तिथे क्लॉकचा वेग हिशोबात येतो. सभेत कोणीतरी हे काढेलच. तीन शब्दांची भर घाला: "आपल्या या पाथवर".

---

महापे_लीड

सगळ्यांचे आभार. चॅनेल एकच आहे, त्यामुळे वळशातलं रजिस्टर बाद. कोएफिशिएंटची ओळ घालायचा मोह आम्हालाही झाला होता, पण डेटाचा पाथ तिथेच नापास राहतो हे बरोबर. सानपाडा, clear चा मुद्दा खरा आहे. नव्या रजिस्टरलाही clear द्यायचा असं ठरवतोय, म्हणजे अडकलेला गुणाकार शून्य होईल.

एक शंका राहते. फिजिकल डिझाइनवाला म्हणतो आरटीएलला हातच लावू नका, कॅप्चर फ्लॉपचं क्लॉक २०० ने उशिरा पोचवतो, उणे १८० चे अधिक २० होतील. हिशोब पटतो. तुम्ही काय म्हणता?

---

तलावपाळी

हिशोब त्या पाथपुरता खरा आहे. पण कॅप्चर फ्लॉप म्हणजे अॅक्युम्युलेटर, आणि तो पुढच्या पाथचा लाँच फ्लॉपही आहे. त्याला दिलेले २०० पुढच्या टप्प्यातून कापले जातात. पुढे नुसती तार आणि फिफो असेल तर चालेल, तुलना करणारं लॉजिक असेल तर त्याचा स्लॅक बघा. वळशाच्या पाथला मात्र याने ना फायदा ना तोटा, तो त्याच फ्लॉपमधून निघून त्याच्यातच परत येतो.

आणि होल्ड. अॅक्युम्युलेटरला क्लॉक उशिरा पोचलं की त्याच्याकडे येणारा प्रत्येक आखूड पाथ, म्हणजे clear, enable, स्कॅनची साखळी, २०० ने होल्डच्या खाईकडे सरकतो. तेवढे बफर तिथे घालावे लागतील. माझं मत: ४०-५० पर्यंत उसनवारी ठीक, २०० ची नको.

---

घोडबंदरकर

इथे मात्र माझं मत वेगळं. टेपआउट जवळ असेल तर आरटीएल बदलून सगळं व्हेरिफिकेशन परत चालवण्यापेक्षा ८०-१०० स्क्यूने आणि उरलेलं सेल मोठे करून, काही लो-व्हीटी वापरून काढणं कमी जोखमीचं. लीकेज थोडं वाढेल, पण गुणाकारातल्या मोजक्याच सेल बदलायच्या आहेत.

---

सानपाडा_व्हेरिफ

"सगळं परत" नाही चालवावं लागत. त्या ब्लॉकच्या टेस्ट आणि वरच्या पातळीवरच्या ज्या टेस्ट त्याचं उत्तर वाचतात तेवढ्याच. पण किती दिवस हातात आहेत ते लीडनी सांगितलेलंच नाही.

---

कोपरखैरणेकर

मध्येच विचारतो. चिप बनून हातात आली आणि चालत नाहीये, तर सेटअप चुकलाय की होल्ड, हे बाहेरून कसं ओळखतात? उघडून बघता येतं का?

---

तलावपाळी

उघडावी लागत नाही. टेस्टरवर आडव्या अक्षावर व्होल्टेज, उभ्यावर फ्रीक्वेन्सी घेऊन प्रत्येक चौकटीला पास-नापास लिहायचं. त्या चित्राला श्मू म्हणतात. सेटअपची चूक असेल तर पास-नापासची सीमा तिरकी येते: व्होल्टेज वाढवलं की वरची फ्रीक्वेन्सी पास होते, फ्रीक्वेन्सी उतरवली की कमी व्होल्टेजलाही पास होते. होल्ड असेल तर त्या व्होल्टेजला फ्रीक्वेन्सी कितीही खाली आणली तरी नापासच, म्हणजे सीमा भिंतीसारखी सरळ उभी. तापमान बदलल्यावर कधी ती भिंत सरकते, कारण क्लॉकची तार आणि डेटाची तार सारख्या प्रमाणात मंद होत नाहीत.

लीड, फर्मवेअरवाल्यांना शेवटी काय सांगू असं विचारलं होतंत. हे चित्र फळ्यावर काढा, तिरकी रेघ आणि उभी रेघ. त्यांच्याकडे बोर्ड आल्यावर "कधीकधी अडकतो" अशी तक्रार लिहिताना पीएलएलचा डिव्हायडर बदलून निम्म्या वेगाला एकदा चालवून बघायचं आणि तक्रारीत निकाल लिहायचा.

---

महापे_लीड

फळ्यावर काढतो. दिवस अकरा आहेत, सानपाडा. रजिस्टर की स्क्यू, हे सोमवारी फिजिकल डिझाइनवाल्यासमोरच ठरवू. अॅक्युम्युलेटरच्या पुढच्या टप्प्याचा स्लॅक आज रात्री काढून ठेवतो.

---

ऐरोली_सेम७

सर, क्लॉक वाढवून बघितला. पाच टक्क्यांपर्यंत ठीक होता, दहाला चुका यायला लागल्या. हेअर ड्रायरने गरम केल्यावर पाचलाच आल्या. मग बर्फाने थंड केला तर अजून वर जाईल ना?

---

तलावपाळी

बर्फ नको, आपल्याकडच्या दमट हवेत बोर्डावर पाणी धरेल आणि शॉर्ट होईल. तुमच्या चिपमध्ये थंड केल्यावर वेग थोडा वाढेलही, ड्रायरने तेच दाखवलं. पण कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या नव्या चिपमध्ये उलटं होतं, थंडीत लॉजिक मंदावतं. म्हणून साइनऑफला १२५ अंश आणि उणे ४० अंश दोन्ही कॉर्नर चालवतात, आणि लीडच्या उणे १८० चा रिपोर्ट यातल्या कुठल्या कॉर्नरचा आहे ते त्यांनी अजून लिहिलेलं नाही.